"कंपनीने लॉक केलंय" म्हणे! आधी अँपिअरचा हिशोब बघा

"गेमिंग लॅपटॉप बॅटरीवर स्लो होतो कारण कंपनी मुद्दाम लॉक करून ठेवते. पॉवर प्लॅन High performance करा, Battery Boost बंद करा, चार्जरशिवाय फुल स्पीड मिळतो. आणि लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच स्लो होत असेल तर समजा बॅटरी गेली, लगेच बदला."

हा मेसेज मला गेल्या महिन्यात तीन वेळा आला, त्यातला एकदा तर सख्ख्या भाच्याकडून, आणि त्याने तो वाचून स्वतःच्या लॅपटॉपच्या सगळ्या सेटिंग्ज आधीच उलट्यासुलट्या करून ठेवल्या होत्या. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

लॉकबद्दल. लॉक आहे, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. बॅटरीवर असताना ग्राफिक्स चिपला किती वॉट द्यायचे याची मर्यादा कंपनीनेच फर्मवेअरमध्ये घातलेली असते. पण का घातली ते बघायला भाच्याचाच लॅपटॉप घेऊ. त्यात 4060 ग्राफिक्स आहे, गेम चालू असताना ती 115 वॉट खाते, प्रोसेसर 45, आणि स्क्रीन पंखे रॅम वगैरे मिळून 20 धरा. झाले 180 वॉट. सोबत आलेला चार्जर 230 वॉटचा, विटेएवढा जड, त्याला हे सहज झेपतं. आतली बॅटरी आहे 60 वॉट-अवरची, चार सेल एकामागे एक जोडलेले, मिळून साधारण 15.4 व्होल्ट. आता 180 भागिले 15.4 करा, कमीत कमी 11.7 अँपिअर येतात. म्हणजे 60 ची बॅटरी 20 मिनिटांत रिकामी करायच्या वेगाने करंट ओढायचा. लॅपटॉपमधले चपटे सेल दोन-चार तासांत हळूहळू रिकामे व्हायला बनवलेले असतात, त्यांच्याकडून हे मागणं म्हणजे स्कूटीला उसाची ट्रॉली जोडण्यातला प्रकार आहे.

बरं, ओढलाच समजा. बॅटरीला स्वतःचा आतला रेझिस्टन्स असतो, सेल आणि जोडण्या मिळून आपण 0.15 ओहम धरू. उष्णता किती होते तर करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, म्हणजे 11.7 चा वर्ग 137, गुणिले 0.15, बॅटरीच्या पोटातच 20 वॉट. सोल्डरिंगची छोटी इस्त्री असते ना, जवळपास तेवढी उष्णता, आणि तिथे पंख्याची हवाही पोचत नाही. हेच 75 वॉटवर चालवलं तर करंट 4.9 अँपिअर आणि उष्णता फक्त साडेतीन वॉट. पॉवर अडीच पटही उतरवली नाही पण उष्णता जवळजवळ सहापट उतरली, वर्गाची गंमत आहे ही.

पण खरी अडचण उष्णतेच्याही आधी येते. करंट वाढला की आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज खाली बसतं, आणि लॅपटॉपला वॉट तर तेवढेच हवे असतात, मग तो आणखी करंट ओढतो, व्होल्टेज आणखी बसतं. बॅटरी बरीच उतरली, सेल 3.5 व्होल्टवर आले, आणि तुम्ही 180 वॉट मागितले तर हिशोबाने करंट 15 अँपिअरच्या वर जातो आणि प्रत्येक सेलवर 2.9 व्होल्टच उरतात. 3 च्या आसपास बॅटरीतलं संरक्षण सर्किट कनेक्शन तोडून टाकतं. धाडकन स्क्रीन काळी, बॅटरीत अजून चार्ज दिसत होता आणि लॅपटॉप बंद, सेव्ह केलेलं नसेल तर गेलं. हे होऊ नये म्हणून तो लॉक.

मुद्दाम स्लो करतात हा संशय लोकांच्या डोक्यात 2017 पासून पक्का बसलाय, तेव्हा ॲपलने डिसेंबरमध्ये कबूल केलं होतं की जुन्या बॅटरीच्या आयफोनचा स्पीड ते कमी करतात. न सांगता केलं ते चूकच होतं, पुढे अमेरिकेत त्याचे पैसेही भरावे लागले. पण कारण हेच होतं बघा, जुन्या बॅटरीचा रेझिस्टन्स वाढतो, अचानक जास्त करंट मागितला की फोन बंद पडतो.

मग मोठी बॅटरी का देत नाहीत? देतात की, पण महागड्या मॉडेललाही 99 च्या जवळपास येऊन थांबतात, कारण विमानात वेगळी परवानगी न काढता 100 वॉट-अवरपर्यंतचीच बॅटरी नेता येते. ड्रिल मशीनमध्ये असतात तसे जास्त करंट देणारे सेल घालता येतील, पण त्याच वजनात ते साठवतात कमी, म्हणजे कॉलेजात लेक्चरला नेलेला लॅपटॉप अजून लवकर मान टाकणार. कंपनीने निवड केलीय हे खरं, पण तुम्हाला महाग मॉडेल विकायला केलीय हे नाही, कारण ते महाग मॉडेलही बॅटरीवर स्लोच होतं, उलट त्याची चिप जास्त वॉटची असल्यामुळे टक्क्यात बघितलं तर जास्तच पडतं.

High performance आणि Battery Boost. हे भाच्याने करून बघितलंच होतं, म्हणून आम्ही बसून मोजलं. चार्जरवर त्याच गेमच्या त्याच जागी उभं राहून सेकंदाला 95 फ्रेम. चार्जर काढला, बरोब्बर 30. इतका गोल आकडा आला की समजायचं कोणीतरी झाकण ठेवलंय, आणि ते Battery Boost च, बॅटरी वाचवायला फ्रेम 30 वर धरून ठेवतं. ते बंद केल्यावर 52 झाले. म्हणजे मेसेजमधली ही टिप अगदीच खोटी नाही, 30 चे 52 होतात. पण 95 होत नाहीत. मग पॉवर प्लॅन High performance केला, परत बघितलं, 52 चे 53. त्या एका फ्रेमसाठी लॅपटॉप नुसता पडून असतानाही पंखा ओरडायला लागला, कारण तो प्लॅन मुख्यतः प्रोसेसरला खाली उतरू देत नाही, ग्राफिक्सच्या वॉटच्या मर्यादेला तो हातही लावत नाही. ती मर्यादा फर्मवेअर आणि ड्रायव्हर धरून बसलेले असतात, विंडोज नाही.

तुमच्याकडे एनव्हिडियाचं ग्राफिक्स असेल तर कमांड विंडो उघडून हे चालवा आणि गेम मागे चालू ठेवा:

```
nvidia-smi --query-gpu=power.draw,clocks.gr,temperature.gpu --format=csv -l 2
```

दर दोन सेकंदाला वॉट, क्लॉक आणि तापमान येत राहतं. आमच्याकडे चार्जरवर 115 च्या आसपास, चार्जर काढताक्षणी 40. आणि तापमान? 81 वरून 62. हे लक्षात घ्या, चिप थंड आहे तरी क्लॉक खाली आलंय, म्हणजे गरम होऊन स्लो झाली नाही, वॉट मिळत नाहीत म्हणून स्लो झाली. या केसमध्ये कूलिंग पॅड घेऊन शून्य उपयोग. (भाच्याने तो पण मागवला होता. असो.)

आता चार्जिंगला लावल्यावर स्लो होणारा लॅपटॉप. इथे मी जरा चिडून लिहिणार आहे कारण याच सल्ल्यावर मी स्वतः साडेचार हजार घालवलेत. ऑफिसचं काम करायचा साधा लॅपटॉप, बॅटरीवर मस्त पळायचा, चार्जर लावला की एक्सेल उघडायला मिनिटभर. दुकानदाराने बघितलं पण नाही, म्हणाला बॅटरी गेली. बदलली. घरी आलो, चार्जर लावला, तेच.

मग Task Manager उघडून Performance मध्ये CPU चा Speed बघितला. चार्जर लावलेला, 0.78 GHz, काहीही करा हलत नाही. चार्जर उपटला, दोन सेकंदात 3 च्या वर. तापमान दोन्ही वेळा पन्नाशीत. काही कंपन्यांच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते, ती वीज नेत नाही, तिच्यातून चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी 65 वॉटचा, मी 90 चा. ती सुई वाकली, वायर आतून तुटली किंवा चार्जर डुप्लिकेट असला की लॅपटॉपला कळतच नाही समोर कोण आहे, मग तो घाबरून प्रोसेसरला सगळ्यात खालच्या गियरमध्ये टाकतो आणि बऱ्याचदा बॅटरी चार्ज करणंही थांबवतो. BIOS मध्ये गेलो तर चार्जरच्या ओळीत चक्क Unknown लिहिलेलं होतं. ओरिजिनल चार्जर आणला, संपलं. बॅटरी बदलायच्या आधी एवढं दोन मिनिटांत बघता आलं असतं.

टाइप-सीवाल्यांचं पण असंच. गेमिंग लॅपटॉपला मोबाईलचा नाहीतर ऑफिसचा 65 वॉटचा चार्जर लावला तर त्या 65 मध्येच लॅपटॉपही चालवायचा आणि बॅटरीही भरायची असते, मग काही मॉडेल नुसत्या बॅटरीपेक्षाही स्लो होतात.

याउलट Speed एका आकड्यावर न अडकता वरखाली नाचत असेल आणि तापमान 95 च्या घरात असेल तर ते गरम होणं आहे. चार्जरवर चिपला जास्त वॉट मिळतात, वर बॅटरी भरतानाची उष्णता, आणि पंख्यात तीन वर्षांची धूळ. तिथे साफसफाई आणि चिपवर नवीन थर्मल पेस्ट.

आणि एक प्रकार तर स्लो नसतोच. चार्जिंगला लावल्यावर फक्त कर्सर अडखळतो, उड्या मारतो, बाहेरचा माऊस लावला तर सगळं झकास. त्यावेळी लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावून बघा, हलकी झिणझिण येत असेल तर घराच्या बोर्डाला अर्थिंग नाही किंवा तुम्ही तीन पिनेचा चार्जर दोन पिनेच्या ॲडॉप्टरवर चढवलाय. टचपॅड तुमच्या बोटाचा विजेचा अंदाज घेऊन चालतो, तो अंदाजच बिघडतो. इलेक्ट्रिशियन बोलवा, लॅपटॉपवाला नको. फक्त टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल तर मात्र बॅटरी फुगलीय, वापर तिथल्या तिथे थांबवा.

बॅटरी मेल्यामुळे चार्जरवर स्लो होणं हेही घडतं, नाही असं नाही. काही लॅपटॉप अचानक जास्त वॉट लागले की चार्जरच्या जोडीला बॅटरीतून थोडे घेतात, बॅटरी नसली तर स्वतःच स्पीड उतरवतात. जुन्या मॅकबुकची बॅटरी काढता यायची तेव्हा ती काढून चालवलं की स्पीड कमी होतो हे ॲपलच सांगायचं. पण अंदाजाने कशाला, हे चालवा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाईल बनते, तिचा पत्ता तिथेच दिसतो. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY शेजारी ठेवून बघा. माझ्या काढून टाकलेल्या बॅटरीचे आकडे 41 हजार आणि 36 हजार होते, म्हणजे 88 टक्के शिल्लक. ती अजून ड्रॉवरमध्ये पडलीय, चांगली धडधाकट.