सोसायटीचं कर्ज: हप्ता पगारातून कापला जातो, त्यापुढचं काय

गेल्या काही दिवसांत कारखान्यांच्या ग्रुपवर हा मेसेज फिरतोय:

"बँकेत कशाला जाता? सोसायटीचं कर्ज म्हणजे आपलाच पैसा. व्याज भरतो ते लाभांशातून परत मिळतं. हप्ता पगारातून कापला जातो, त्यामुळे थकबाकीचा प्रश्नच नाही. जामीनदाराची सही नावापुरती असते. नोकरी सोडली तर कंपनी आणि सोसायटी आपसात मिटवतात. आणि सिबिलमध्ये दिसत नाही, म्हणजे पुढे घरकर्जाला अडचण नाही."

ही सोसायटी म्हणजे नोकरदारांची पगारदार पतसंस्था. ठाण्यातल्या अशाच एका संस्थेच्या कर्ज समितीवर मी बरीच वर्षं आहे. सोसायटीचं कर्ज वाईट असतं असं मी म्हणणार नाही. अडीनडीला दोन जामीनदार आणि पगाराची स्लिप यांच्यावर, घर गहाण न ठेवता पैसे देणारी ही सोयीची व्यवस्था आहे. पण मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तुटलेलं आहे.

लाभांशाचा हिशेब आधी करू. समजा 3 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 60 हप्ते. आमच्यासारख्या बऱ्याच संस्थांत मुद्दल दरमहा सारखं, म्हणजे 5,000 रुपये, आणि त्यावर शिल्लक रकमेचं व्याज असा हप्ता असतो. पहिल्या महिन्यात व्याज 2,750, एकूण 7,750 रुपये; मग दर महिन्याला थोडं थोडं कमी होत जातं. पाच वर्षांत एकूण व्याज भरता 83,875 रुपये. आता कर्जाच्या दहा टक्के रकमेचे संस्थेचे भाग, म्हणजे शेअर, घ्यावे लागतात असं धरलं, तर 30,000 रुपये कर्जातूनच भागभांडवलात जातात आणि हातात 2,70,000 येतात. लाभांश या 30,000 वर मिळतो, भरलेल्या व्याजावर नाही. दहा टक्के जाहीर झाला तर वर्षाला 3,000, पाच वर्षांत 15,000. सहकार कायद्यात लाभांशाला साधारणपणे 15 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, आणि तोही नफा झाला आणि वार्षिक सभेने मंजूर केला तरच. भागाचे पैसे तुमचेच आहेत हे खरं, पण ते सहसा सभासदत्व सोडताना हातात येतात, कर्ज फिटलं त्या दिवशी नाही. आणि जाता जाता: पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेतल्यासारखं ठेव विमा संरक्षण नसतं, हे "आपलाच पैसा" म्हणताना ध्यानात असू द्या.

थकबाकीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गैरसमज इथेच सगळ्यात खोल आहे. कपात होते कशी? तुम्ही कर्ज घेताना पगारातून कपात करण्याचा करार लिहून देता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 चा आधार घेऊन सोसायटी दर महिन्याला मागणी यादी कंपनीच्या पगार विभागाला पाठवते. विभाग कापतो आणि रक्कम सोसायटीकडे भरतो. त्यासाठी कायद्याने चौदा दिवस दिलेत. म्हणजे मधे दोन टप्पे आहेत, आणि दोन्ही ठिकाणी गाडी अडू शकते.

पहिला टप्पा कपातीचा. एखाद्या महिन्यात बिनपगारी रजा झाली, ओव्हरटाइम बंद झाला, पगारच अपुरा पडला, तर कापणार कशातून? वेतन संहितेनुसार सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांपेक्षा जास्त नसाव्यात. पीएफ, व्यवसाय कर, कंपनीची उचल आणि त्यावर सोसायटी असं गणित बसलं नाही तर हप्ता अर्धवट किंवा अजिबात कापला जात नाही. व्याज मात्र थांबत नाही. वर धरलेल्या कर्जात वीस हप्ते भरल्यावर 2 लाख शिल्लक असताना एक हप्ता चुकला, तर पुढच्या यादीत तुमच्या नावापुढे दोन हप्ते मिळून तेरा हजारांच्या वर रक्कम येते, आणि ती मर्यादेत बसणं आणखी अवघड.

दुसरा टप्पा भरण्याचा. कंपनी अडचणीत असली की कापलेले पैसे आधी स्वतःकडेच वापरले जातात. स्लिपवर कपात दिसते, पासबुकात जमा नाही. अशी रक्कम मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते, पण त्याला वेळ लागतो, आणि तोवर सोसायटीच्या खात्यावर तुम्ही थकबाकीदार दिसता. म्हणून दर तीन महिन्यांनी स्लिप आणि पासबुक शेजारी ठेवून पाहा. तफावत दिसली की सोसायटीला लेखी पत्र द्या, सोबत स्लिपची प्रत जोडा, पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या कमिटीला माहीत नसतं.

आता जामीनदार आणि राजीनामा हे दोन मुद्दे एकत्रच घेतो, कारण ते एकाच गाठीचे आहेत. महापेच्या कारखान्यातल्या कर्जदाराने वरच्या हिशेबाचे वीस हप्ते भरून नोकरी सोडली असं धरू. मुद्दल बाकी 2 लाख. सोसायटी आधी त्याचे भाग 30,000 आणि समजा दरमहा भरून साठलेली 40,000 ची वर्गणी वळती करते. राहिले 1,30,000. शेवटच्या हिशेबातून, त्याने तशी संमती दिली असेल तर, आणखी 45,000 मिळाले. अजून 85,000 बाकी. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला कायद्याने जप्तीपासून संरक्षण आहे, त्यामुळे तिथे हात घालता येत नाही. कर्जदार पुण्याला नव्या नोकरीत, तिथला मालक या सोसायटीला ओळखतही नाही. कापण्यासारखा पगार आता फक्त दोघांचा: जामीनदारांचा, जे अजून रोज त्याच गेटमधून आत जातात. कर्जरोख्याबरोबर त्यांनीही कपातीला संमती दिलेली असते. पुढच्या मागणी यादीत त्यांची नावं लागतात.

आणि जबाबदारी निम्मी निम्मी नसते. करार कायद्यानुसार सोसायटी एकाकडून पूर्ण 85,000 मागू शकते. दोघांत वाटून घेणं ही कमिटीची सोय. "माझं नाव काढा" असं पत्र देऊनही सुटका होत नाही, बदली जामीनदार सोसायटीने स्वीकारावा लागतो. भरलेली रक्कम मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क जामीनदाराला आहे, पण तो स्वतःच्या खर्चाने बजावायचा. सोसायटीकडे सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला मिळवण्याचा जवळचा रस्ता असतो, जामीनदाराकडे नसतो. सही करण्याआधी कर्जदाराला एवढंच विचारा: त्याची आधीची बाकी किती, तो आणखी कोणाला जामीन आहे का. मित्राला राग येईल, येऊ द्या.

नोकरी सोडणाऱ्याने राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच सोसायटीकडून कर्जाच्या बाकी रकमेचा लेखी दाखला घ्यावा आणि उरलेल्या रकमेचे हप्ते बँकेतून थेट भरण्याची परवानगी मागावी. बहुतेक कमिट्या ती देतात, कारण जामीनदाराचा पगार कापण्याइतकं नको असलेलं काम दुसरं नाही.

सिबिलचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बऱ्याचदा बरोबर आहे, पतसंस्थांची कर्जं तिथे सहसा नोंदली जात नाहीत. पण घरकर्जाला बँक पगाराच्या स्लिपा मागते, आणि "सोसायटी" हा रकाना तिथे छापलेला असतो. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण 868 रुपये हप्ता बसतो. स्लिपवर सोसायटीचे 7,000 दिसले की तेवढ्या हप्त्याची ऐपत बँक वजा करते, म्हणजे साधारण आठ लाख. घणसोलीत फ्लॅटची बोलणी चालू असतील तर सोसायटीचं कर्ज आधी फेडून शून्य बाकीचा दाखला घ्या, आणि कपात बंद झालेली स्लिप हाती आल्यावरच बँकेत अर्ज करा.