समोरच्याच्या दुकानात जाऊन तेल विकत घ्या

सेलूला माझा लाकडी घाणा आहे. करडी, शेंगदाणा, थोडं तीळ. चौथं वर्ष चालू आहे. गेल्या उन्हाळ्यात मी भाव पाडायला निघाले होते, लिटरमागे पस्तीस रुपये. बाजारात सगळे माझ्यापेक्षा स्वस्त देतात, असं दोन-तीन गिऱ्हाइकांनी तोंडावर सांगितलं होतं. मालकांनी (माझ्या, घरातल्या) तर पाटीवर लिहायला खडूही काढला होता. मी म्हटलं थांबा, आधी बघून येते.

बघून येणं म्हणजे काय, ते सांगते. आपल्याकडे याला लोक 'टेहळणी' म्हणतात आणि चेहरा वाकडा करतात. मी फक्त पिशवी घेऊन गेले आणि प्रत्येक ठिकाणी एक-एक बाटली करडीचं तेल पैसे देऊन घेतलं. घाणा आहे हे कुणी विचारलं तर लपवायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. एकानेच विचारलं.

तीन घाण्यांच्या पाट्यांवर भाव होते २८०, २६० आणि २३०. माझा २६५. वरवर बघितलं तर पहिला आणि तिसरा यांच्यात पन्नास रुपयांचा फरक. घरी आल्यावर तिन्ही बाटल्या ओट्यावर मांडल्या आणि चष्मा लावून लेबलं वाचली. २८० वाला किलोवर विकतो. २६० वाला लिटरवर. आणि २३० वाल्याची बाटली ९०० मिलीची आहे, पण दिसायला अगदी लिटरच्या बाटलीएवढी.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे २८० रुपये किलोवाल्याचं लिटर पडतं २५५ रुपयांना. ९०० मिलीचे २३०, म्हणजे लिटरला २५६. तिघंही २५५ ते २६० च्या आत! आणि मी २६५ ला, म्हणजे पाच-दहा रुपये वर. ज्या पन्नास रुपयांनी माझी झोप गेली होती ते पन्नास रुपये बाजारात नव्हतेच, ते मापात होते. मी पाटी २३० ला आणली असती तर बाकीचे हसले असते आणि मी वर्षभर फुकट घाणा फिरवला असता.

फुकट कसा, तर त्या हंगामात मोंढ्यात मला करडी ५८ रुपये किलोने मिळाली होती. माझ्या घाण्यावर चार किलो करडीतून एक किलो तेल निघतं, कधी थोडं कमीच. म्हणजे दाण्याचे २३२. मागे पावणेतीन किलोच्या वर पेंड उरते, ती वीस रुपयांनी जाते, त्याचे ५६ वजा. राहिले १७६. वीज, मजूर, बाटली, सांडलवंड धरून किलोमागे ४५. झाले २२१ किलोला, म्हणजे लिटरला साधारण २०१. वरच्या रकमेत दुकानभाडं आणि माझं पोट. हे गणित ज्याला स्वतःच्या घाण्याचं पाठ आहे, त्यालाच दुसऱ्याचा भाव वाचता येतो. दाणा त्याच मोंढ्यातून येतो, लाकूड तसंच फिरतं, त्यामुळे समोरच्याचा खर्चही याच आसपास असणार.

म्हणूनच चौथ्या बाटलीने मला बुचकळ्यात टाकलं. किराणा दुकानातली, १५० रुपये लिटर, पुढे करडीच्या फुलाचं मोठं चित्र. १५० रुपये लिटर म्हणजे १६५ रुपये किलो. माझा नुसता दाणाच पेंड वजा जाता १७६ ला पडतो! माझ्या तोंडून पहिला शब्द 'भेसळ' निघाला. शेजारच्या वहिनींना सांगूनही झालं. मग बाटली उलटी केली. मागे बारीक अक्षरात 'मिश्र खाद्यतेल' लिहिलेलं, कोणतं तेल किती टक्के तेही. मिश्र तेल विकायला परवानगी आहे. त्यातलं कुठलंही तेल वीस टक्क्यांच्या खाली असता कामा नये आणि प्रमाण लेबलवर हवं, असा नियम आहे. चित्र खटकतं, पण लेबल खरं होतं. वहिनींकडे परत जाऊन शब्द मागे घ्यावा लागला. ते तेल माझ्या तेलाच्या स्पर्धेत नव्हतंच, ती वेगळी वस्तू आहे. दुसऱ्याचा भाव आपल्या खर्चाच्या खाली दिसला की आधी माप बघा, मग लेबल, मग त्याची रीत (एक्सपेलर मशीनवर दाण्यातून जास्त तेल निघतं, त्यामुळे तिथेही स्वस्त पडतं). तिथेही उत्तर नाही मिळालं तरच शंका घ्या, आणि ती गिऱ्हाइकापुढे बोलू नका.

आता माझी चूक. पहिल्याच आठवड्यात पुतण्याने शक्कल सांगितली होती. काकू, हॉटेलवाले म्हणून फोन करू, पन्नास लिटर पाहिजे म्हणू, ठोक भाव काढून घेऊ. मी हो म्हटलं. त्याने फोन केला, भाव कळला, आम्ही खूश. चार दिवसांनी मी बाटली घ्यायला त्याच घाण्यावर गेले तर दोन डबे भरून बाजूला ठेवलेले. त्यावर खडूने 'हॉटेल' लिहिलेलं. एक म्हातारे आजोबा पाच लिटर मागत होते आणि घाणेवाले काका म्हणत होते, आज शिल्लक नाही बाबा, आहे ते दिलेलं आहे. मला त्या डब्यांकडे बघवेना. तिथेच सांगून टाकलं, काका, ते हॉटेल म्हणजे मीच, माझाही घाणा आहे.

ते रागावले, साहजिक आहे. मग आजोबांना त्या डब्यातलं तेल मोजून दिलं आणि मला म्हणाले, "ताई, सरळ विचारलं असतं तर ठोक भाव सांगितला असता की. त्यात काय लपवायचंय?" मी उरलेल्यातलं दहा लिटर विकत घेतलं. माझ्या घाण्यावर दुसऱ्याचं दहा लिटर तेल, महिनाभर घरात तेच खाल्लं. (चांगलं होतं, हेही सांगते.)

पण गोष्ट तिथे संपत नाही. चहा पिताना काका म्हणाले, आता ओळख झालीच आहे, तर आपण दोघं ठरवू, २६० च्या खाली कुणीच द्यायचं नाही. प्रेमाने म्हणाले. मी हात जोडले. पाटीवरचा भाव वाचणं वेगळं आणि बसून भाव बांधणं वेगळं, ते २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. आमच्यासारख्यांच्या दारात कोण चौकशीला येणार, हा मुद्दा खरा आहे, पण त्या पाच लिटरवाल्या आजोबांच्या खिशातूनच ते पैसे जाणार होते.

मग गूगलवरची मतं वाचली. तीन दुकानांची मिळून साठेक. आधी 'नवीन' लावून घेतलं, कारण तीन वर्षांपूर्वीच्या तक्रारीचा आज काय उपयोग. पाच तारेवाल्यांत 'मस्त', 'बेस्ट' याखेरीज काही नसतं. एक तारेवाल्यांत राग असतो, आणि एकाच दिवशी नाव-गाव-मजकूर नसलेल्या पाच-सहा आल्या असतील तर ते कुणाचं तरी भांडण असतं. कामाचं असतं तीन तारांत. तिथे माणूस 'चांगलं आहे, पण' लिहितो, आणि त्या 'पण'च्या पुढचं मी वहीत उतरवलं. गिऱ्हाइकांनी टाकलेले फोटोही बघावेत, पाटीचा भाव कधी किती होता ते त्यात दिसतं.

तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. तळताना फेस येतो. बाटलीच्या तळाला गाळ बसतो. आणि 'थोडी करडी नेली तर परत पाठवतात'. फेस हा घाण्याच्या तेलाचा स्वभाव आहे, रिफाइंडमधून जे काढून टाकतात ते यात राहतं, म्हणून फेसाळतं. ती उणीव समजून कुणी मशीन घ्यायला धावू नये. गाळ मात्र घाईचा असतो. तेल दोन-तीन दिवस टाकीत निवळू न देता भरलं की बसतो. माझ्याही बाटलीत बसायचा! दुसऱ्याच्या तक्रारी वाचताना स्वतःची बाटली उजेडात धरून बघितली तेव्हा कळलं.

तिसरी तक्रार प्रत्यक्ष बघायची होती. आठवडी बाजाराच्या दिवशी एका घाण्यासमोरच्या टपरीवर पाऊण तास बसले. चौदा जण आले. पाच जण पिशवी जशी आणली तशी परत घेऊन गेले. करडी चार-पाच किलो, आणि घाणेवाला दहा किलोच्या खाली घाणा लावत नाही. त्याचंही खरं आहे, भांडं अर्धं राहिलं की घाण्याची लाकडी लाट दाण्यावर नीट दाबत नाही, तेल कमी निघतं आणि शिव्या घाण्याला. मीही हेच करत होते. हे मला कुठल्याच पाटीवर दिसलं नसतं.

दुसरी एक रिकामी जागा मला आधी दिसली होती, कारळाचं तेल. तालुक्यात कुणीच काढत नाही. आनंदाने उडी मारणार होते. मग ओळखीच्या वीस घरांत विचारलं, आगाऊ पन्नास रुपये देता का म्हणून. एका घराने दिले. कुणी करत नाही याचं कारण कधी कधी कुणाला नको असतं, एवढंच असतं.

छोट्या पिशवीवाल्यांसाठी मी बदली सुरू केली. चार किलो करडी द्या, एक किलो तेल लगेच न्या, पेंड माझ्याकडे राहू द्या, मजुरी माफ. पेंडेचे ५६ रुपये, त्यात माझं गाळप निघतं. दाणा ओला आहे का ते दाताखाली बघते, बुरशी असेल तर परत देते. पहिल्या महिन्यात अठरा जणांना विचारलं. अकरा तयार झाले. सात जण नाही म्हणाले. त्यातल्या एक आजी म्हणाल्या, "माझ्या रानातल्या करडीचं पाहिजे बाई, तुझ्या डब्यातलं मी काय करू?" दोघांना पेंडच हवी होती, म्हैस व्यायलेली.

पाटीवर आता मी दोन्ही भाव लिहिते, लिटरचा २६० आणि किलोचा २८६. लोक विचारतात दोन भाव कशाला. त्या सात जणांसाठी पाच किलोचा छोटा घाणा मिळतो का बघतेय. किमती विचारून ठेवल्यात, पण यंदाच्या करडीत त्यांची संख्या किती होते ते मोजल्याशिवाय घेणार नाही. वही टपरीवरच ठेवलीय.