तीस मिलिग्रॅमच्या आतला धोका

जेवणाच्या बैठकीतून उठताना हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, ‘एकच पेग झालाय, लिमिटमध्ये आहे, गाडी मीच काढतो.’ हिशेब म्हणून हे बहुतेकदा खरेही असते. आपल्या मोटार वाहन कायद्यातील कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडले, तर तो गुन्हा ठरतो. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या एका स्मॉल पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम अल्कोहोल असते आणि 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात त्याने ढोबळमानाने 20 मिलिग्रॅमच्या आसपास पातळी गाठली जाते. 55-60 किलोच्या स्त्रीच्या बाबतीत मात्र तोच पेग थेट 30 च्या रेषेपर्यंत नेऊ शकतो. तेव्हा 20 मिलिग्रॅमवाल्या गृहस्थांना नाक्यावरचा पोलीस सोडून देईल, हे मान्यच आहे. माझा आक्षेप एवढाच की, पोलिसाने सोडले म्हणजे मेंदूनेही सोडले, असे ते धरून चालतात.

मित्रमंडळींत यावर एक प्रयोग होतो. एकाने पट्टी उभी धरून सोडायची आणि दुसऱ्याने ती बोटांत पकडायची. पेग घेतलेला माणूस पट्टी अगदी व्यवस्थित पकडतो आणि वाद तिथेच संपला असे सगळे समजतात. या प्रयोगात पट्टी कुठून पडणार हे ठाऊक असते, करायची कृती एकच असते आणि सगळे लक्ष तिच्यावरच असते. अशा साध्या प्रतिक्रियेवर थोड्या दारूचा परिणाम फारसा दिसत नाही. वाहन चालवताना मात्र आरसा, समोरच्या दुचाकीचा इंडिकेटर, डावीकडून रस्त्यात येऊ पाहणारा पादचारी आणि आपला वेग या सगळ्यांकडे लक्ष वाटून द्यावे लागते आणि ब्रेक दाबायचा, गाडी वळवायची की काहीच करायचे नाही, याची निवडही करावी लागते. हे वाटून दिलेले लक्ष 20 मिलिग्रॅमच्या आसपासच ढासळू लागते.

त्याची किंमत मीटरमध्ये मोजता येते. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. चालकाला धोका ओळखून ब्रेक दाबायला एक सेकंद लागला, तर कोरड्या रस्त्यावर ती एकूण सुमारे 37 मीटरवर थांबेल. आता समजा, दारूमुळे फक्त 0.2 सेकंदाचा उशीर झाला. म्हणजे ब्रेक 3.3 मीटर पुढे लागला. एवढ्याने काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. पण ब्रेक दाबल्यावर वेग सगळ्या अंतरात सारखा उतरत नाही, त्याचा मोठा हिस्सा शेवटच्या काही मीटरमध्येच उतरतो. त्यामुळे ज्या जागी पहिली गाडी पादचाऱ्याच्या पुढ्यात येऊन थांबली असती, नेमक्या त्याच जागी दुसरी गाडी ताशी 25 किलोमीटरच्या आसपास वेगात असते.

मला स्वतःला उशिराने लागलेल्या ब्रेकपेक्षा चुकलेल्या अंदाजाची भीती अधिक वाटते. रात्रीच्या दुपदरी रस्त्यावर 60 च्या वेगाने चाललेल्या ट्रकला 80 च्या वेगाने ओलांडायचे, तर मागचे-पुढचे सुरक्षित अंतर धरून सात सेकंद सहज लागतात. तेवढ्यात आपण सुमारे 155 मीटर जातो आणि समोरून त्याच वेगाने येणारे वाहनही तितकेच जवळ येते. म्हणजे 300 मीटरहून अधिक रस्ता मोकळा हवा. अंधारात केवळ दोन दिव्यांवरून हे अंतर जोखणे शुद्धीतल्या माणसालाही अवघड जाते, म्हणून तो शंका आली की मागे राहतो. दारू आधी या शंकेवरच घाला घालते. हात थरथरत नाहीत, जीभ अडखळत नाही, उलट आज गाडी जरा जास्तच चांगली चालते आहे असे वाटते. आणि आपण गाडी चालवण्याच्या स्थितीत आहोत की नाही, हा निवाडाही त्याच मेंदूकडे असतो.

‘थोडा वेळ बसतो, मग निघतो’ या तोडग्यातही खोच आहे. शेवटच्या घोटानंतरही पातळी अर्धा-एक तास चढत राहू शकते, भरल्या पोटी त्याहून अधिक वेळ. त्यामुळे निघताना मर्यादेत असलेला माणूस वाटेत मर्यादेबाहेर जाऊ शकतो. पुढे यकृत तासाला साधारण 15 मिलिग्रॅम या आपल्याच गतीने ती उतरवते आणि कॉफीने किंवा तोंडावर पाणी मारून त्या गतीत फरक पडत नाही. शिवाय पातळी उतरत असताना ‘आता उतरली’ ही भावना आधी येते, तर लक्ष आणि अंदाज मागाहून पूर्ववत होतात. बहुतेक लोक किल्ली हातात घेतात ते नेमके याच मधल्या वेळेत.