एकाच पानावरची चार रोपटी

गेली बरीच वर्षे मी जुळे सोलापुरात संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. मुलांच्या वह्यांच्या समासात हल्ली इमोजी दिसतात. काही जण ते पेनाने काढतात, काही जण मोबाईलवर टिपणे करून त्यात घालतात. पालकांचा प्रश्न असा असतो की, "सर, हा अभ्यास आहे की खेळ?" त्याला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण एका विद्यार्थिनीच्या वहीतले एक पान आहे, आणि माझे म्हणणे त्या पानावरून नीट सांगता येते.

पान नववीच्या विज्ञानातले आहे, विषय वनस्पतींची संप्रेरके. ऑक्झिन, जिबरेलिन, सायटोकायनिन आणि ॲबसेसिक आम्ल ही चार नावे आणि त्यांची कामे. त्या मुलीने चारही नावांपुढे 🌱 हे एकच चिन्ह काढले होते. आठवड्याने मी वही मिटायला लावून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "सर, रोपटे आठवतेय, पण कुठल्या नावापुढचे ते आठवत नाही." तिची स्मरणशक्ती कमी आहे असे नव्हे. एकाच खुणेला जितक्या गोष्टी बांधाव्यात, तितकी ती खूण प्रत्येक गोष्टीपर्यंत कमी पोहोचवते, हे ओल्गा आणि मायकेल वॉटकिन्स यांनी 1975 मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. एकाच खुंटीला घरातल्या सगळ्यांच्या पिशव्या अडकवल्या, तर अंधारात हात घालून आपली पिशवी सापडत नाही, तसेच हे आहे. महत्त्वाच्या प्रत्येक ओळीपुढे ⭐ काढणाऱ्या मुलांचेही हेच होते. ते चिन्ह 'हे महत्त्वाचे' इतकेच सांगते, 'हे काय' ते सांगत नाही.

मग मी एक चूक केली. स्वतः बसून चारही संप्रेरकांसाठी मला सुचलेली चिन्हे ठरवली आणि तो कागद झेरॉक्स करून वर्गात वाटला. ऑक्झिनसाठी 🌻, सायटोकायनिनसाठी ✂️ अशी ती चिन्हे होती. पंधरा दिवसांनी वही न उघडता प्रश्न विचारले, तेव्हा फारसा फरक दिसला नाही. त्यामागचे कारण मला टिमो मॅन्टिला या संशोधकाच्या 1986 मधल्या कामात सापडले. त्याने लोकांना 500 ते 600 शब्द दिले आणि प्रत्येक शब्दाबद्दल स्वतःला सुचतील त्या तीन गोष्टी लिहायला सांगितल्या. पुढे त्याच तीन गोष्टी दाखवल्यावर लोकांना सुमारे 90 टक्के शब्द आठवले, पण दुसऱ्याने लिहिलेल्या गोष्टी दाखवल्या तेव्हा आठवण बरीच कमी पडली. खूण ज्याची त्याने शोधली, तरच तिचा धागा त्याच्या स्वतःच्या आठवणींना बांधला जातो. मी वाटलेली चिन्हे माझ्या आठवणींना बांधलेली होती, मुलांच्या नव्हे.

पुढच्या वेळी चिन्हे मुलांनीच शोधायची, असे ठरले. अट एकच घातली, की चिन्हाने नावाचा उच्चारही आठवून द्यावा आणि कामही. यातील पहिला भाग मुले सहसा विसरतात. पान गळते म्हणून 🍂 काढले की काम आठवते, पण 'ॲबसेसिक' हा शब्द कुठून येणार? रिचर्ड ॲटकिन्सन आणि मायकेल रॉ यांनी 1975 मध्ये रशियन भाषेतले 120 शब्द शिकवताना नेमकी हीच दोन पायऱ्यांची रीत वापरली होती. परका शब्द ज्याच्यासारखा ऐकू येतो असा ओळखीचा शब्द आधी घ्यायचा, मग त्याचे आणि अर्थाचे एकच चित्र डोळ्यांपुढे आणायचे. त्या गटाला 72 टक्के शब्दांचे अर्थ सांगता आले, इतरांना 46 टक्के.

आमच्या वर्गात मग जिबरेलिनसाठी जिराफ आला 🦒, कारण 'जि' हे अक्षर जुळते आणि जिराफाच्या मानेसारखे खोड लांब होते. सायटोकायनिनसाठी सायकल 🚲 आली, एका पेशीच्या दोन पेशी होतात म्हणून दोन चाके. ॲबसेसिकमध्ये एका मुलाला 'बस' ऐकू आली 🚌. 'बस, पुरे आता वाढणे' असे म्हणणारी ती बस, कारण हे आम्ल वाढ रोखते. ऑक्झिन मात्र अडले होते. ज्या मुलीच्या वहीत चार रोपटी होती, तिच्याच वहीत शेवटी ते सुटले. ती पूर्व भागात राहते, घरात तेलुगू बोलतात आणि मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. तिने खिडकी काढली 🪟 आणि लिहिले, "अक्का खिडकीतून उजेडाकडे वाकते." ऑक्झिन, अक्का, वाकणे. हे मला कधीच सुचले नसते.

पण याच खुणेने एक चूकही शिकवली, आणि तिच्यावर मला थोडे थांबायचे आहे. सराव परीक्षेत प्रश्न होता, खोड प्रकाशाकडे का वळते? तिने लिहिले की उजेडाच्या बाजूला ऑक्झिन जमते आणि ते खोडाला ओढून घेते. खरे तर ऑक्झिन जास्त साठते ते सावलीकडच्या बाजूला. त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात, म्हणून खोड समोरच्या बाजूस, म्हणजे उजेडाकडे, वाकते. अक्का स्वतःहून उजेडाकडे जाते, खोड मात्र मागच्या बाजूच्या वाढीने ढकलले जाते. चिन्हात नाव मावले, परिणाम मावला, कारण मावले नाही, आणि त्या रिकाम्या जागी मनाने स्वतःचे खोटे कारण भरले. म्हणून आता आमच्याकडे चिन्हाखाली कारणाचे एक पूर्ण वाक्य लिहिणे सक्तीचे आहे. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या, तेव्हा ही उच्चार आणि चित्राची रीत कमी उपयोगाच्या गटात ठेवली. ती मोजक्याच मजकुराला लागू पडते आणि तिचा परिणाम फार टिकत नाही, अशी त्यांची कारणे होती. नावे, व्याख्या, क्रम यांच्यापुरतीच ती कामाची आहे, हे मलाही पटते. गणितात किंवा प्रक्रिया समजावून सांगायच्या उत्तरात तिच्यावर विसंबू नये.

उरला प्रश्न ही चिन्हे वापरायची कशी. वहीत काढून ती नुसती पाहत बसण्यात फायदा नाही. हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात, मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने 42 टक्के आठवला, आणि एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते, त्यामुळे ऐन रात्री वाचून 'येतेय' असे वाटते आणि सकाळी येत नाही. यासाठी मी मुलांना पान उभे दुमडायला सांगतो. डाव्या अरुंद पट्टीत फक्त चिन्हे, उजवीकडे नाव, काम आणि कारणाचे वाक्य. उजवी बाजू झाकून, चिन्हाकडे पाहत, तोंडाने नव्हे तर लिहून उत्तर द्यायचे, मग उघडून तपासायचे. दुसऱ्या दिवशी एकदा आणि आठ दिवसांनी पुन्हा. ज्या चिन्हावर दोनदा अडले, ते खोडून नवे शोधायचे. त्याचा मोह धरायचा नाही, ते कितीही छान काढलेले असो.

त्या मुलीच्या वहीत आज जिराफ आणि सायकल खोडलेले आहेत, कारण ती दोन नावे तिला आता चिन्हाशिवायच येतात. खिडकी अजून आहे, आणि तिच्याखाली निळ्या शाईत सावलीकडच्या बाजूचे ते वाक्य आहे.