साका निघालेल्या पेटीबद्दल, आणि पहिल्या शंभर ग्राहकांना

"पहिल्या शंभर ग्राहकांचे आभार मानणारी तुमची पोस्ट वाचली. त्या शंभरांतली मीही एक. दोन डझनांच्या पेटीतले चार आंबे कापले तर आत पांढरट आणि रबरासारखे. बाहेरून एकदम सुरेख. असं होतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून पाठवलंत?"

ताई, नमस्कार.

हापूसमध्ये असं होतं हे ठाऊक होतं. तुमच्या पेटीतल्या कुठल्या चार फळांत ते आहे, हे ठाऊक नव्हतं. आभाराच्या पोस्टमध्ये चार गोड शब्द लिहिले, पण फळ झाडावर असताना ज्यांनी विश्वासाने पैसे भरले त्या शंभरही जणांना ही माहिती द्यायला हवी. म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो.

आम्ही कोकणात याला साका म्हणतो. तो रोग नाही, कीड नाही, बुरशीही नाही. कोयीभोवतीचा गर नीट पिकतच नाही. तो फिकट, स्पंजासारखा आणि आंबट राहतो, कधी त्यात पोकळीही असते. साल मात्र केशरी होते, वासही येतो, त्यामुळे सुरी लागेपर्यंत पत्ता लागत नाही. क्ष-किरणांत साका दिसतो असं प्रयोगांतून दाखवलं गेलंय, पण आमच्या पडवीत तसलं यंत्र नाही.

कारणाबद्दल अभ्यासकांची दोन मतं आहेत. एक मत असं की एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीतून वर येणारी उष्णता फळाला लागते आणि आतला गर बिघडतो. म्हणूनच झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करायला सांगतात. दुसरं मत असं की फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते, आणि तिचा ताण गरावर पडतो. मला दोन्ही पटतात, कारण बागेत दोन्ही दिसतं. पूर्ण तयार होऊन पाड लागलेलं फळ उतरवलं की साका वाढतो.

म्हणून आम्ही आंबा 'चौदा आणे' झाला की काढतो, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार. देठाजवळ खळगा पडतो, दोन्ही खांदे देठाच्या वर येतात, हिरव्या रंगाचा तजेला थोडा उतरतो. शंका आली तर फळ पाण्यात सोडतो. तयार असेल तर बुडतं, कोवळं असेल तर तरंगतं. पण पाण्यावरून तयारी कळते, साका नाही. काढणी सकाळी, झेल्याने, थोडा देठ ठेवून करतो, म्हणजे चीक सालीवर उतरत नाही. फळं लगेच सावलीत घेतो. उन्हात जमिनीवर ढीग घालून ठेवणं हे साक्याला आमंत्रणच. एवढं सगळं करून साका कमी होतो, शून्य होत नाही. कुणी "शंभर टक्के साकामुक्त हापूस" म्हणून विकत असेल, तर प्रत्येक फळ कापून पाहिल्याशिवाय तो हे कशाच्या बळावर म्हणतो, एवढं विचारा.

आता एक गोष्ट, जी विक्रेते सहसा बोलत नाहीत. शंभरांतल्या बऱ्याच जणांनी मागणी करताना "मोठ्यात मोठे द्या" असं लिहिलं होतं, तुम्हीही. पेटी उघडल्यावर मोठं फळ रुबाबदार दिसतं आणि दरही जास्त मिळतो, म्हणून आम्हीही खुशीने देतो. पण जड फळात साक्याचं प्रमाण जास्त असतं. घरी खायचा असेल तर २०० ते २५० ग्रॅमचा आंबा घ्या. भेट द्यायची असेल तर मोठा घ्या, पण हे लक्षात ठेवून. आजपासून दुकानात आकाराशेजारी ही ओळ लिहिलेली दिसेल.

साका निघालेलं फळ पूर्ण फेकू नका. कोयीजवळचा पांढरा भाग काढून टाका. बाहेरचा गर पिवळाधमक आणि गोड असेल तर तो खायला हरकत नाही. आंबूस वास येत असेल तर मात्र टाकूनच द्या.

पैशांचं असं. तुमच्या चार फळांची रक्कम ज्या खात्यातून भरणा झाला त्यातच परत येईल, फळं पाठवायची गरज नाही. शंभरांपैकी आणखी कुणाला साका निघाला असेल तर कापलेल्या फळाचा फोटो ऑर्डर क्रमांकासह पाठवा, त्यांनाही हाच नियम. एकाच पेटीत बरीच फळं निघाली असतील तर आवर्जून कळवा. प्रत्येक पेटीवर काढणीची तारीख आणि बागेचा तुकडा लिहिलेला असतो. त्यावरून कुठल्या झाडांची फळं जास्त दिवस राहिली ते मला शोधता येतं, आणि पुढच्या वर्षी तिथली काढणी आधी करता येते.

आणि साका अजिबातच नको असेल, तर 'रत्ना' मागवून बघा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झालेली ही जात, तिच्यात साका होत नाही. चव हापूसची नाही, हे आधीच सांगतो. आमच्याकडे झाडं थोडी आहेत. पहिल्या शंभरांत असाल तर तसं लिहा, तुमची पेटी बाजूला ठेवतो.