प्रतिक्रियेला उत्तर : रेंजबाहेरचा आकडा म्हणजे चुकलेला आकडा नव्हे

जुन्या रक्ततपासणीच्या पट्ट्या स्कॅन केल्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर, जे आकडे चुकीचे वाचतं ते मी हिशेब जुळवून कसे पकडतो, हे लिहिलं होतं. त्यावर आलेली प्रतिक्रिया :

«एवढे हिशेब कशाला? रिपोर्टवर नॉर्मल रेंज छापलेली असतेच. ओसीआरमधून रेंजबाहेरचा आकडा आला की स्क्रिप्टने दशांश चिन्ह सरकवायचं, काम संपलं. पाच मिनिटांचं काम तुम्ही पाच तासांचं केलंय.»

दशांश चिन्ह हरवण्याबद्दल तुमचं बरोबर आहे. हिमोग्लोबिन ११२ आलं तर ते ११.२ असणार, हे कुणालाही कळतं. पण तीच स्क्रिप्ट क्रिएटिनिनवर चालवून बघा. डायलिसिसवरच्या माणसाचं क्रिएटिनिन खरोखरच ११.२ असू शकतं. तुमची स्क्रिप्ट त्याचं १.१२ करील आणि किडनी निकामी झालेला माणूस कागदावर ठणठणीत दिसेल. माणूस आजारी असतो म्हणूनच तर तपासणी करतो, त्यामुळे रेंजबाहेरचे आकडे हेच त्या रिपोर्टातलं खरं ऐवज असतं.

मी ज्या पट्ट्यांवर काम करतोय त्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका दवाखान्यातल्या जुन्या फायलींमधल्या आहेत. सेल काउंटरच्या थर्मल प्रिंटरमधून निघालेल्या, तिथले कितीतरी उन्हाळे कपाटात काढलेल्या. थर्मल कागद उष्णतेनं खराब होतो, अक्षरं फिकी पडतात, आणि इंग्रजी आकड्यातल्या आठाची उजवी वरची कड उडाली की ओसीआर त्याला सहा म्हणतं.

एका बाईंच्या पट्टीवर नेमकं हेच झालं. ओसीआरनं दिलं : हिमोग्लोबिन ६.४, तांबड्या पेशींची संख्या म्हणजे आरबीसी ३.९२, रक्तातला त्या पेशींचा टक्का म्हणजे पीसीव्ही २८.२, आणि या तिघांशी हिशेबानं बांधलेले एमसीव्ही ७१.९, एमसीएच २१.४, एमसीएचसी २९.८. रेंज लावली तर ६.४ कमी आणि ८.४ही कमीच, म्हणजे रेंज इथे मुकी. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं की तीव्र ॲनिमिया, ८.४ असेल तर मध्यम. फरक लहान नाही.

आता पट्टीवरचेच आकडे एकमेकांशी ताडून बघा. पीसीव्हीला आरबीसीनं भागून दहानं गुणलं की एमसीव्ही येतो : २८.२ ÷ ३.९२ × १० = ७१.९. जुळलं, म्हणजे हे तिघे शाबूत. हिमोग्लोबिनला आरबीसीनं भागून दहानं गुणलं की एमसीएच यायला हवा, पण येतो १६.३, छापलेला २१.४. हिमोग्लोबिनला पीसीव्हीनं भागून शंभरनं गुणलं तर एमसीएचसी २२.७, छापलेला २९.८. दोन हिशेब बिघडले आणि दोन्हींत सामाईक एकच आकडा आहे, हिमोग्लोबिन. उलट हिशेब करा : २१.४ × ३.९२ ÷ १० = ८.३९, आणि २९.८ × २८.२ ÷ १०० = ८.४०. दोन वेगवेगळ्या वाटांनी ८.४ आलं. मग स्कॅन मोठा करून पाहिला, आठाचा वरचा फुगवटा पुसट का होईना, दिसत होता. तेव्हाच मी दुरुस्ती केली.

शेवटची नजर मी सोडत नाही, कारण हिशेब बिघडला म्हणजे ओसीआरच चुकलं असं नसतं. दुसऱ्या एका टाइप केलेल्या रिपोर्टात लॅबमध्ये कुणीतरी हिमोग्लोबिन हातानं बदललं होतं आणि एमसीएच तसाच राहिला होता. ओसीआरनं कागदावरचंच बरोबर वाचलं होतं. तिथे आकडा जसाच्या तसा ठेवला आणि शेजारच्या रकान्यात शेरा लिहिला. म्हणूनच ओसीआरचा मूळ मजकूर मी कधी पुसत नाही, दुरुस्ती वेगळ्या रकान्यात जाते.

या पद्धतीचीही हद्द आहे. छापताना आकडे पूर्णांकित होतात, म्हणून एमसीएचमध्ये ०.२ पर्यंतचा फरक सोडून द्यावा लागतो, आणि १२.६ चं १२.७ झालं तर ते बहुधा निसटतं. माझ्याकडच्या कागदांवर प्लेटलेट आणि क्रिएटिनिनला असे सोबतीच नाहीत. तिथे कागदच बघायचा. ठरावीक रुंदीच्या छपाईत टिंबालाही एका अक्षराएवढी जागा असते, त्यामुळे टिंब पुसलं तरी दोन आकड्यांमधली फट उरते. खऱ्या ११२ मध्ये अशी फट नसते.

आणि तुमची टिंबं सारखीच गळत असतील तर आधी स्कॅनिंग तपासा. डाग काढणारा फिल्टर चालू असला की तो दशांश चिन्हालाच डाग समजून पुसतो. तो बंद करून ३०० डीपीआयला ग्रेस्केलमध्ये पुन्हा स्कॅन करा. माझ्याकडे निम्मी टिंबं तेवढ्यानंच परत आली.