तो माणूस तुमचा होता, मग चिठ्ठी कोणाची?

आज दुपारपासून डोकं तापलंय. लिहून मोकळा होतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

एक शेतकरी ऑफिसात आले. पक्षकाराचं जास्त सांगणार नाही, पण हातात कंपनीच्या लेटरहेडवरचं दोन ओळींचं पत्र होतं. 'सदर कर्मचाऱ्यास हा व्यवहार करण्याचा अधिकार नव्हता, सबब कंपनी जबाबदार नाही.' खाली गोल शिक्का. ते म्हणाले, "वकीलसाहेब, शिक्का हाये म्हणजे खतमच ना आता?"

नाही हो काका, खतम नाही. शिक्का मारला म्हणून म्हणणं खरं होत नाही. पण मला राग त्या पत्राचा आला नाही इतका माझाच आला, कारण हीच ओळ मी डिसेंबर 2013 मध्ये ऐकली होती आणि गप बसलो होतो.

आमचं गाव वणीच्या बाजूला. एका जिनिंगवाल्याचा खरेदीचा पोट्टा चार हंगाम आमच्या गावात यायचा. जीपच्या दरवाज्यावर कंपनीचं नाव, मागं इलेक्ट्रॉनिक काटा, ओलावा पाहायचं मशीन आणि छापील चिठ्ठीबुक. (परवाना कोणता होता, खेडा खरेदी बरोबर का चूक, तो वाद कमेंटमध्ये काढू नका, हात जोडतो.) पहिल्या वर्षी मालक स्वतः आला होता. मारुतीच्या पारावर नारळ फोडला अन् सगळ्यांसमोर बोलला, "हा आपला माणूस. याच्याशी बोलले म्हणजे माझ्याशी बोलले." चार वर्षं पोट्ट्यानं चिठ्ठीवर जो दर लिहिला तोच बँकेत जमा झाला. एक रुपया इकडंतिकडं नाही.

त्या दिवशी त्यानं मोठेबाबांच्या 38 क्विंटल कापसाला 5,100 लिहून दिले. खाली सही, सहीच्या वर छापलेलं 'कंपनीकरिता'. तिसऱ्या दिवशी गाडी जिनिंगवर गेली. गेटवर त्याच चिठ्ठीवर आवक नंबर टाकला, वजन झालं, कापूस ढिगात ओतला. ओतल्यावर मॅनेजर म्हणाला, "दर उतरला. 4,800 मिळतील. त्या पोराला 4,900 च्या वर जायचा अधिकारच नव्हता."

क्विंटलमागं 300. 38 ला 11,400. त्यात मोठेबाबांच्या घरी त्या साली काय काय झालं असतं हे माझ्या यादीतल्या कोणालाही सांगायची गरज नाही.

मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला नागपूरला, सुट्टीत आलेलो, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून होतो. करार कायदा शिकवून झाला होता. तरी तोंडातून शब्द नाही.

आता ऐका काय बोलायला पाहिजे होतं. भारतीय करार अधिनियम, 1872, कलम 237. नोकरानं किंवा एजंटानं अधिकार नसताना व्यवहार केला, पण मालकाच्या बोलण्यामुळं किंवा वागण्यामुळं समोरच्याला वाटलं की याला अधिकार आहे, तर मालक बांधला जातो. कोर्टात आम्ही ऑस्टेन्सिबल ऑथॉरिटी म्हणतो, तुम्ही दर्शनी अधिकार म्हणा. कायद्यानं खाली उदाहरणही दिलंय. एकानं दुसऱ्याकडं माल विकायला दिला आणि सांगितलं, अमुक किमतीच्या खाली विकू नको. तिसऱ्या माणसाला ही सूचना माहीत नाही, त्यानं कमी किमतीत सौदा केला. मालक बांधील. आमच्याकडं विकण्याऐवजी खरेदी होती, बाकी गोष्ट तीच. 4,900 ची मर्यादा मालकाच्या आणि पोट्ट्याच्या कानात होती, मोठेबाबांच्या नाही.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यातच बहुतेक दावे पडतात. भरवसा मालकाच्या वागण्यातून आलेला पाहिजे. पोट्टा स्वतः म्हणाला, "मला सगळा अधिकार आहे," त्याला कोर्टात काडीची किंमत नाही. स्वतःचा अधिकार स्वतःच्याच तोंडानं वाढवता आला असता तर उद्या चपराशी कारखाना विकेल. म्हणून मी आज त्या काकांना पहिला प्रश्न हाच विचारला की कंपनीनं काय केलं होतं ते सांगा, त्यानं काय सांगितलं ते नंतर. जीप कोणी दिली? चिठ्ठीबुक कोणी छापलं? आधीच्या चिठ्ठ्यांचे पैसे कोणत्या खात्यातून आले? हे सिद्ध करायचं ओझं आपल्यावर असतं. आमच्या मोठ्या आईनं चारी वर्षांच्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या, निळ्या कार्बनच्या, शाई उडत चाललेल्या. तो डबा आणि बँकेचं पासबुक, एवढ्यावर केस उभी राहिली असती. पारावरचा नारळ तर अर्ध्या गावानं पाहिला होता.

आणि मॅनेजरची हुशारी बघा. गेटवर चिठ्ठी हातात घेतली तेव्हा 5,100 त्याला दिसत होते ना? ठळक लिहिले होते. तेव्हाच म्हणायचं होतं, हा दर आम्हाला मान्य नाही, गाडी परत न्या. नेली असती आम्ही. तसं नाही. कापूस ढिगात मिसळला, मग अधिकार आठवला. सौदा कळत असताना माल घेतला म्हणजे सौदा मंजूर केला असं धरता येतं, आणि कलम 199 म्हणतं की व्यवहाराचा एक भाग मंजूर केला तर अख्खा व्यवहार मंजूर. कापूस पोट्ट्याच्या चिठ्ठीवर घ्यायचा अन् दर स्वतःच्या मर्जीनं लावायचा, हे चालत नाही. यालाच आमच्याकडं गोड गोड गिटकन अन् कडू कडू थू म्हणतात.

बरं, कंपनीचीही बाजू आहे, मान्य. प्रत्येक नोकराच्या प्रत्येक शब्दानं मालक बांधला गेला तर धंदा कोणी करणार नाही. आमच्याच गावातल्या एकानं त्या पोट्ट्याकडं 20,000 दिले होते, पुढच्या हंगामाला स्वस्तात बियाणं आणून देतो म्हणाला म्हणून. ना पावती, ना चिठ्ठी. ते बुडाले, आणि त्यात कंपनीचा काही संबंध नव्हता. कापूस घेणारा माणूस बियाणं विकतो असं कंपनीनं कधी दाखवलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टाचा 1978 चा स्टेट बँकेचा निकाल याच वळणाचा आहे. बाईंनी खात्यात भरायला पैसे बँकेतल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडं, नवऱ्याचा मित्र म्हणून दिले, त्यानं खाल्ले, बँक सुटली. जिव्हाळ्यानं दिलेला पैसा जिव्हाळ्याच्याच माणसाकडून मागावा लागतो. कडू आहे, पण तसंच आहे.

आणि हो, आजच्या काकांच्या चिठ्ठीच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, 'दर मुख्य कार्यालयाच्या मंजुरीस अधीन.' ती ओळ आपल्याला नडते, खोटं कशाला बोलू. मर्यादा माहीत असणाऱ्याला, किंवा शंका यावी असं समोर दिसत असूनही न विचारणाऱ्याला, 237 वाचवत नाही. बाजारात 4,800 चालू असताना कोणी 7,000 लिहून दिले तर विचारायलाच पाहिजे, एवढा कसा रे बाबा? पण मोठेबाबांच्या चिठ्ठीवर तशी ओळ नव्हती. त्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याची गाडी 5,050 देत गावात उभी होती. 5,100 मध्ये शंका यावी असं काय होतं?

आता एक गंमत सांगतो, म्हणजे मला गंमत वाटते. याच कायद्यात कलम 208 आहे. एजंटाचा अधिकार काढून घेतला तरी बाहेरच्या माणसाला ते कळेपर्यंत त्याच्यापुरता तो अधिकार चालूच राहतो. त्याचं उदाहरण काय असावं? कापूस! मद्रासचा मालक मुंबईच्या गोदामातला कापूस विकायला पत्रानं सांगतो, मग दुसरं पत्र पाठवून अधिकार काढून घेतो. एजंट दुसरं पत्र मिळाल्यावरही कापूस विकतो. घेणाऱ्याला पहिलं पत्र माहीत, दुसरं नाही. तो एजंटाला पैसे देतो, एजंट पैसे घेऊन पळतो. कायदा म्हणतो, घेणाऱ्यानं पैसे दिले ते दिले, मालकानं त्याला पुन्हा मागायचे नाहीत. दीडशे वर्षांपूर्वी कापसावरच लिहून ठेवलंय, आणि कापसाच्या जिल्ह्यात कोणाला पत्ता नाही. आमच्या मोठेबाबांनाही नव्हता. मला होता.

राग थोडा उतरलाय. त्या पोट्ट्याबद्दल लिहायचं राहिलं.

त्याला 4,900 ची मर्यादा माहीत होती, हे त्यानं नंतर स्वतः कबूल केलं. शेजारची गाडी माल उचलत होती, वरून टार्गेट होतं, त्यानं 5,100 लिहिले. चूक त्याची होतीच. पण चुकीचा हिशेब मालक आणि नोकराच्या मधला. मालकाची सूचना मोडून नुकसान केलं तर एजंटानं भरून द्यावं, हे कलम 211 सांगतं. म्हणजे कंपनीनं आम्हाला 5,100 द्यायचे आणि जमलं तर त्याच्याकडून वसूल करायचे. त्यांनी केलं उलटं. नुकसान मोठेबाबांच्या अंगावर टाकलं, 'हिशेब पूर्ण मिळाला, तक्रार नाही' अशा कागदावर सही घेतली, आणि पोट्ट्याला आठ दिवसांत काढून टाकलं. त्या सहीनं पुढं केस अवघडच झाली असती. आणि मुदत तीन वर्षांची. माझ्या हातात सनद आली 2017 मध्ये.

काढल्यावर तो हिशेबाचे कागद द्यायला एकदा गावात आला, तेव्हा मोठेबाबांनी त्याला बसस्टँडवर गाठलं. चार लोकांत "चोट्टा" म्हणाले, बापाचा उद्धार केला. मॅनेजरसमोर हात जोडणारे मोठेबाबा त्या बावीस वर्षांच्या पोट्ट्यासमोर वाघ झाले होते. तो मान खाली घालून उभा. मीही तिथंच होतो. तेव्हाही गपच. आता तो तिथंच चहाची टपरी चालवतो, माझ्याकडून पैसे घेत नाही, आणि मी त्या बाजूनं जायचं टाळतो.

आजच्या काकांची नोटीस टाईप करून ठेवली आहे, उद्या रजिस्टरनं जाईल. तळाच्या त्या ओळीचं काय करायचं ते बघू. कंपनीनं आधीच्या वर्षांत एकदाही मंजुरी न घेता चिठ्ठीच्या दरानं पैसे दिले असतील तर ती ओळ कंपनीनंच मोडली, असं म्हणता येईल. जज ऐकतील का माहीत नाही. म्हणणार.

संध्याकाळी मोठेबाबांना फोन केला. अकरा वर्षांनी सगळं सांगितलं, की कायदा आपल्या बाजूनं होता, पैसे कंपनीनंच द्यायचे होते. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मला वाटलं आता शिव्या पडतात. मग म्हणाले, "तवा काऊन नाई सांगतलं बे?"

मी म्हटलं, "सांगितलं असतं तर काय केलं असतं? केस?"

"केस गिस काई नाई. त्या पोट्ट्याले तसं बोललो नसतो."